एका दाढेत दोन पद्धती: गार लॅटरल, गरम व्हर्टिकल आणि सीलरचं काम

४६ नंबरची दाढ. पेशंट अडतीस वर्षांच्या बाई, शाळेत शिकवतात. दाढेत जुनं चांदीचं फिलिंग होतं, त्याखाली कीड गेलेली, पल्प मेलेला आणि डिस्टल मुळाच्या टोकाशी आरव्हीजीवर मुगाच्या दाण्याएवढी काळी सावली. पहिल्या सिटिंगला कॅनाल साफ करून कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरलं होतं. दुसऱ्या सिटिंगला दाढ शांत, ठोकून दुखत नव्हती, पेपर पॉइंट कोरडे बाहेर येत होते. म्हणजे भरायची वेळ आली होती.

या एकाच दाढेत मी मिझियल कॅनाल गार लॅटरलने भरले आणि डिस्टल गरम व्हर्टिकलने. दोन्ही का, आणि प्रत्येक ठिकाणी सीलरकडून नक्की काय अपेक्षा होती, ते या केसच्या आधाराने सांगतो. बीडीएस संपवून नुकतीच प्रॅक्टिस सुरू केलेल्या मित्रमैत्रिणींना हे विशेष उपयोगी पडेल असं वाटतं, कारण कॉलेजात आपण लॅटरल हाताने शिकतो आणि व्हर्टिकल बहुतेक वेळा फक्त पाहतो.

आधी पदार्थ समजून घेऊ

आपण ज्याला गट्टा परचाचा कोन म्हणतो त्यात गट्टा परचा साधारण २० टक्केच असतं. बाकीचा बराच भाग झिंक ऑक्साइड, आणि थोडं मेण, रेझिन आणि एक्स-रेवर दिसावं म्हणून जड धातूचे क्षार. हा कोन डेंटिनला चिकटत नाही. खोलीच्या तापमानाला तो दाबला जातो, वाकतो, पण वाहत नाही. साधारण ४२ ते ४९ अंशांदरम्यान त्याची रचना बदलते आणि तो मऊ, चिकट होतो. साठ अंशांकडे जाताना तो पूर्ण सैल होतो. गार होताना मात्र तो थोडा आकसतो, एक ते दोन टक्के धरा.

दोन पद्धतींमधला सगळा फरक यातून निघतो. गार लॅटरलमध्ये शेवटी कॅनालमध्ये एकजीव ठोकळा तयार होत नाही. एकमेकांना घट्ट खेटून बसलेल्या काड्यांची मोळी तयार होते. काड्यांमधली फट आणि काड्या नि भिंतीमधली फट सीलर भरतो. गरम व्हर्टिकलमध्ये गट्टा परचा स्वतः वाहून आडव्यातिडव्या जागेत शिरतं आणि सीलरचा फक्त पातळ थर भिंतीशी उरतो. सीलर दोन्हीकडे लागतोच. गरम पद्धतीत गट्टा परचा सगळीकडे जातं म्हणून सीलर नको, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. गार होताना आकसून जी फट पडते ती कोण भरणार?

गरम व्हर्टिकलची मांडणी बोस्टनच्या हर्बर्ट शिल्डर यांनी १९६७ साली केली. तेव्हा गॅसच्या ज्योतीवर हत्यार तापवून थोडं थोडं गट्टा परचा काढत आणि दाबत खाली जायचे. आज आपण वापरतो ती बहुतेक वेळा तिची सुटसुटीत आवृत्ती, ज्यात विजेवर तापणारा प्लगर एकाच झटक्यात खाली नेतात. पुढचं वर्णन त्याच आवृत्तीचं आहे.

मास्टर कोन: इथे घाई केली की पुढे सगळं फसतं

आमच्या केसमध्ये वर्किंग लेन्थ अशा होत्या: मिझिओबक्कल २०, मिझिओलिंग्वल २०, डिस्टल २०.५ मिलिमीटर. मिझियल दोन्ही २५ नंबर, ६ टक्के टेपरपर्यंत. डिस्टल ४० नंबर, ४ टक्के.

लॅटरल करायचं असेल तर मास्टर कोन २ टक्के टेपरचा घ्या, कॅनाल ४ किंवा ६ टक्क्यांनी तयार केला असला तरी. ६ टक्क्यांच्या कॅनालमध्ये ६ टक्क्यांचा कोन टाकला तर तो वरपासून खालपर्यंत जागा व्यापतो आणि स्प्रेडरला आत शिरायला वावच राहत नाही. गरम पद्धतीत उलट: तिथे कॅनालच्या टेपरशी जुळणाराच कोन हवा, कारण दाबताना गट्टा परचा खाली सुटू नये म्हणून टोकाकडे कोन अंगाला घट्ट बसलेला पाहिजे.

टग बॅक मिळाला म्हणजे कोन बसला, असं नाही. कोन वरच्या तिसऱ्या भागात अडकला तरी ओढताना तसाच अडकाव लागतो. म्हणून मी कोन बाहेर काढून लूपखाली त्याचं टोक बघतो. शेवटच्या मिलिमीटरवर बारीक घासल्याची खूण असेल तर अडकाव योग्य जागी आहे. टोक गुळगुळीत आणि मध्यावर चकाकता पट्टा असेल तर कोन वर अडकतोय. टोक सुरकुतलेलं किंवा मुडपलेलं असेल तर कोन बारीक आहे किंवा पुढे डेंटिनचा चिखल साठलाय. अशा वेळी १० नंबरची फाइल पूर्ण लांबीपर्यंत नेऊन पुन्हा धुवायचं आणि परत बघायचं.

कोन लांबीपेक्षा पुढे जात असेल तर अर्ध्या मिलिमीटरने कापायचा, पण धारदार ब्लेडने, काचेवर ठेवून. कात्रीने टोक चेपतं आणि बसणीचा अंदाज चुकतो. कापल्यावर टग बॅक परत तपासायचा, मगच आरव्हीजी.

मिझियल कॅनाल दोन असले की ते खाली एकत्र येतात का, हे भरण्याआधी कळलंच पाहिजे. त्याची सोपी युक्ती: एका कॅनालमध्ये कोन पूर्ण बसवायचा आणि दुसऱ्यात १५ नंबरची फाइल हलक्या हाताने सोडायची. आमच्या केसमध्ये मिझिओबक्कलमधली फाइल १७.५ मिलिमीटरवर थांबली. मिझिओलिंग्वलचा कोन बाहेर काढला तर टोकापासून अडीच मिलिमीटर वर फाइलने पाडलेली खाच स्पष्ट दिसत होती. म्हणजे दोन्ही कॅनाल तिथे मिळतात. मग मिझिओलिंग्वलचा कोन पूर्ण लांबीचा आणि मिझिओबक्कलचा १७.५ वर थांबेल असा. हे पाहिलं नसतं आणि दोन्ही कोन २० पर्यंत ढकलत राहिलो असतो तर दुसरा कोन वाकडा होऊन वरच गुंडाळला गेला असता.

बसवलेले कोन एक मिनिट सोडियम हायपोक्लोराइटमध्ये बुडवून मग सलाईनने धुऊन पुसून घ्या. न धुता वापरले तर हायपोचे स्फटिक कोनावर राहतात.

पद्धत कशी ठरवली

मी प्लगर आत घालून पाहिला. गरम पद्धतीत उष्णता प्लगरच्या टोकापुढे गट्टा परचातून चार ते पाच मिलिमीटरच जाते. म्हणून प्लगर वर्किंग लेन्थच्या पाच मिलिमीटर अलीकडेपर्यंत, भिंतीला न अडता पोचायला हवा. डिस्टलमध्ये तो १५.५ वर थांबला. म्हणजे बरोबर पाच मिलिमीटर. मिझिओलिंग्वलमध्ये सर्वांत बारीक प्लगरही १३ वर थांबला, कारण तिथून वळण सुरू होतं. सात मिलिमीटर शिल्लक. तिथे गरम करून फक्त वरचा भाग मऊ झाला असता, टोकाचा कोन गारच राहिला असता आणि मी मात्र व्हर्टिकल केलं अशा समजात राहिलो असतो. प्लगर पोचावा म्हणून कॅनाल आणखी रुंद करणं मला पटत नाही. खालच्या दाढेच्या मिझियल मुळाची डिस्टल बाजूची भिंत आधीच पातळ असते.

डिस्टल कॅनाल गालाकडून जिभेकडे लांबट, अंडाकृती होता. अशा जागेत गोल कोन मध्ये उभा राहतो आणि दोन्ही टोकांना रिकामी जागा राहते. ती लॅटरलनेही भरता येते, पण गरम गट्टा परचा तिथे जास्त खात्रीने जातं. म्हणून डिस्टल गरम, मिझियल गार.

सीलर निवडताना

या केसमध्ये इपॉक्सी रेझिनचा दोन पेस्टचा सीलर घेतला. कारण साधं: एकाच मिक्समध्ये तीन कॅनाल, दोन पद्धती, आणि वेळ पुरेसा. हा सीलर खोलीच्या तापमानाला तास-तास कामाचा राहतो. शेवटचा रिन्स १७ टक्के ईडीटीए एक मिनिट, मग भरपूर सलाईन. अगदी शेवटी हायपो ठेवू नका, त्यातल्या ऑक्सिजनमुळे रेझिनची पकड कमी होते. आणि हायपोनंतर क्लोरहेक्सिडिन कधीच नाही, आत तपकिरी चिखल होतो आणि तो सहजी निघत नाही.

झिंक ऑक्साइड युजेनॉल अजून बऱ्याच दवाखान्यांत आहे आणि लॅटरलसाठी तो चालतो. पण तो दमटपणात आणि उष्णतेत लवकर सेट होतो. कोकणात जुलैच्या दुपारी एसी नसेल तर चौथ्या ॲक्सेसरी कोनापर्यंत तो स्पॅच्युलाला गोळा व्हायला लागतो, हे मी पाहिलंय. जाड काचेची स्लॅब गार करून पुसून त्यावर मिक्स करा. स्पॅच्युला उचलल्यावर साधारण अडीच सेंटिमीटरची तार न तुटता आली की दाटपणा बरोबर.

बायोसिरॅमिक सीलर सध्या सगळ्यांच्या तोंडी आहे, आणि त्याला चांगली कारणंही आहेत: तो डेंटिनमधला ओलावा घेऊन सेट होतो, आकसत नाही आणि ऊतींना सोसतो. पण त्याच कारणाने कॅनाल वाळवंटासारखा कोरडा करू नका. एका पेपर पॉइंटने पाणी टिपा आणि थांबा. त्याहून महत्त्वाचं, साधा बायोसिरॅमिक २०० अंशांच्या प्लगरखाली पाणी गमावतो आणि त्याचा प्रवाहीपणा नि सेट होणं दोन्ही बिघडू शकतं. गरम पद्धतीसाठी वेगळे केलेले बायोसिरॅमिक मिळतात, ते वापरा. नाहीतर तो सिंगल कोनला ठेवा. सिंगल कोन अंडाकृती कॅनालमध्ये मात्र मला आवडत नाही: तिथे सीलरच मुख्य भराव होतो, आणि तो कुठे पोचला हे आरव्हीजीवर एका बाजूनेच दिसतं.

सीलर किती? कोनाचा खालचा अर्धा भाग पातळ माखेल एवढाच. भिंतीला लावायला पेपर पॉइंट किंवा एक नंबर लहान फाइल उलट्या दिशेने फिरवत वापरा. लेंटुलोने भरभरून टाकलेला सीलर पुढच्या दाबात बाहेर जाणारच. खालच्या दुसऱ्या प्रीमोलर आणि दाढांखाली मज्जातंतूचा कालवा असतो, हे विसरून चालत नाही. फॉर्माल्डिहाइड सोडणारे जुने सीलर तर ट्रेवरही ठेवू नका.

मिझियल: गार लॅटरल

मिझिओलिंग्वलचा कोन सीलर लावून २० पर्यंत, मग मिझिओबक्कलचा १७.५ पर्यंत. दोन्ही आत बसल्याशिवाय स्प्रेडर हातात घ्यायचा नाही, नाहीतर एका बाजूचा दाब दुसरीची जागा खातो.

वाकड्या कॅनालसाठी निकेल टायटॅनियमचा फिंगर स्प्रेडर. स्टीलपेक्षा तो खोल जातो आणि भिंतीवर ताण कमी देतो. स्प्रेडरवर रबर स्टॉप लावून तो कोनाच्या बाजूने, वळणाच्या बाहेरच्या अंगाने, सरळ खाली दाबायचा. पहिल्या वेळी तो वर्किंग लेन्थच्या एक ते दोन मिलिमीटर अलीकडे पोचला पाहिजे, आमच्याकडे १८.५ वर थांबला. तो वरच अडला तर पुढे कितीही कोन घाला, खालचा तिसरा भाग म्हणजे सीलरात बुडालेला एकच कोन.

दाबून दहा ते पंधरा सेकंद धरायचा. गट्टा परचा परत उसळी घेतं, ती मोडायला हा वेळ लागतो. मग दोन्ही बाजूंना थोडं थोडं फिरवत, न ओढता, बाहेर. एका हाताने स्प्रेडर काढताना दुसऱ्या हातातला ॲक्सेसरी कोन तयार ठेवा, त्या जागेत तो लगेच जायला हवा. कोनाची लांबी चिमट्यावर आधीच मोजून घ्या, स्प्रेडर १८.५ ला गेला आणि कोन १६ ला थांबला तर मध्ये अडीच मिलिमीटरची पोकळी झाली, आणि ती पुढे कधीच भरत नाही. स्प्रेडरपेक्षा कोन जाड असला की असं होतं, म्हणून दोन्हींचे आकार जुळवून घ्या.

स्प्रेडर काढताना मास्टर कोन त्याला चिकटून वर येतो, ही नेहमीची तक्रार. कारण बहुतेक वेळा दोनच असतात: स्प्रेडर सरळ ओढला, किंवा टग बॅक खोटा होता. तसं झालं तर कोन परत ढकलू नका. सगळं काढा, धुवा, पुन्हा सुरू करा.

जोर किती द्यायचा हे सांगून कळत नाही. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर स्प्रेडर दाबून एक किलो म्हणजे बोटाला काय वाटतं ते एकदा शिकून घ्या. पातळ मुळांच्या खालच्या पुढच्या दातांत प्रयोगशाळेत दीड किलोच्या आसपासच्या दाबालाही मूळ उभं तडकलेलं आहे. त्या दिवशी काही दिसत नाही, दोन वर्षांनी एकाच जागी खोल पॉकेट घेऊन पेशंट परत येतो.

स्प्रेडर वरच्या तिसऱ्या भागापलीकडे जाईना, तेव्हा थांबलो. मिझिओलिंग्वलमध्ये चार ॲक्सेसरी कोन बसले, मिझिओबक्कलमध्ये तीन. गरम हत्याराने कॅनालच्या तोंडाशी कापून वरून प्लगरने दाबलं.

डिस्टल: गरम व्हर्टिकल

४ टक्क्यांचा कोन कापून २० वर टग बॅक घेतला होता, म्हणजे वर्किंग लेन्थच्या अर्धा मिलिमीटर अलीकडे. ही अर्ध्या मिलिमीटरची सूट मुद्दाम असते, कारण दाबल्यावर गट्टा परचा थोडं पुढे सरकतं.

प्लगरवर स्टॉप १५.५ ला. यंत्र २०० अंशांवर. आधी कोन कॅनालच्या तोंडाशी कापला. मग उष्णता चालू करून एकाच हालचालीत प्लगर गट्टा परचातून खाली नेला, दोन ते तीन सेकंदांत, आणि स्टॉपच्या तीन मिलिमीटर अलीकडे, म्हणजे १२.५ वर, बटण सोडलं. पुढचे तीन मिलिमीटर गार होत चाललेल्या प्लगरच्या दाबाने. १५.५ जवळ पोचल्यावर दहा सेकंद घट्ट धरून ठेवलं. हे दहा सेकंद कंटाळून कमी करू नका. गट्टा परचा आकसत असताना वरून दाब असेल तरच ती तूट भरून निघते. मग एक सेकंद उष्णता, एक सेकंद थांबा, आणि प्लगर बाहेर. त्याच्याबरोबर वरचा गोळा येतो. खालचा तुकडाही आला तर दाब कमी वेळ धरला असं समजा.

सलग चार सेकंदांपेक्षा जास्त उष्णता देऊ नये. मुळाभोवतीचं हाड ४७ अंश एक मिनिट राहिलं तर इजा होते, हे १९८३ पासून माहीत आहे. कमी वेळ तापवल्यास आपण त्यापासून बरंच लांब राहतो.

इथे आरव्हीजी घेतला. खालचे पाच मिलिमीटर एकसारखे पांढरे, मुळाच्या टोकाशी सीलरचा अगदी लहान ठिपका. ठीक. मग बॅकफिलची सुई खालच्या गट्टा परचाला टेकवून पाच सेकंद थांबलो, म्हणजे तो पृष्ठभाग परत गरम होऊन नवं जुन्याला चिकटतं. तीन ते चार मिलिमीटर सोडायचं, हाताच्या प्लगरने दाबायचं, पुन्हा सोडायचं. सुई स्वतःहून मागे सरकू द्या. तुम्ही ओढलीत तर मध्ये बुडबुडा राहतो. तोंडाच्या दीड मिलिमीटर खाली थांबलो.

सुरुवातीच्या काळात मी एका वरच्या प्रीमोलरमध्ये हेच केलं होतं आणि गट्टा परचा तीन मिलिमीटर बाहेर गेलं. एपेक्स झिजून उघडा झालेला होता आणि मी कोन फक्त लांबीवर बसवला, टग बॅक नव्हता. पेशंटने पाच दिवस दुखणं काढलं. उघड्या एपेक्सला गरम पद्धत नको. तिथे आधी एमटीएसारख्या पदार्थाचा प्लग टाकून अडसर तयार करायचा.

कुठली पद्धत चांगली

२००७ साली पेंग आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध अभ्यास एकत्र करून पाहिलं: नंतरचं दुखणं, भरावाचा दर्जा आणि दीर्घकाळचा परिणाम यांत दोन्ही पद्धतींत ठळक फरक नाही, गट्टा परचा बाहेर जाण्याचं प्रमाण मात्र गरम पद्धतीत जास्त. पद्धतीपेक्षा जास्त फरक पडतो तो भराव एपेक्सच्या दोन मिलिमीटरच्या आत आहे का, मध्ये पोकळी नाही ना, आणि वरचं रिस्टोरेशन घट्ट आहे का, याचा. म्हणून बाईंच्या दाढेत त्याच सिटिंगला पल्प चेंबर अल्कोहोलच्या बोळ्याने सीलरपासून स्वच्छ करून कंपोझिट भरलं, आणि दोन आठवड्यांनी क्राउनचं माप घेतलं. तात्पुरतं सिमेंट टाकून महिनाभर ठेवणं मी सोडून दिलंय.

चावताना दोन दिवस थोडं दुखलं. सहा महिन्यांच्या आरव्हीजीवर डिस्टलची सावली अर्ध्याहून कमी झाली होती, वर्षाने हाड भरलेलं दिसलं. मिझियल मुळात दोन कॅनालांच्या मध्ये जी बारीक पट्टी असते, ती गार पद्धतीत फक्त सीलरच्या भरवशावर राहिली. तिथे सावली नाही, पण पुढच्या वर्षी एक्स-रेची दिशा बदलून पुन्हा आरव्हीजी घेणार आहे. त्या पट्टीबद्दल माझी खात्री अजून झालेली नाही.